भरती मार्चमध्ये, हिशेब दिवाळीला

फेब्रुवारी उजाडला की कृषी महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर जाहिरातींची रीघ लागते. सेल्स ऑफिसर, टेरिटरी एक्झिक्युटिव्ह, मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर, क्रॉप ॲडव्हायझर, ॲग्रोनॉमिस्ट. नावं पाच, पण त्यातल्या निदान चार जागांचं काम एकच असतं: मोटारसायकलवर तालुका पालथा घालायचा, कृषी सेवा केंद्रांत माल लावायचा, शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायच्या आणि शेवटी उधारी गोळा करायची. त्यात वाईट काही नाही. शेती व्यवसायाची नस कळायला याहून चांगली शाळा नाही. पण पदाच्या नावावरून नोकरी निवडणारा फसतो, कारण या धंद्यात वर्ष बारा महिन्यांचं नसतं, हंगामाचं असतं. जागा कधी निघाली, प्रोबेशन कधी संपतं आणि कामाचा खरा निकाल कधी लागतो, या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की जागा कायमची आहे की एका खरिपापुरती, याचा बराचसा उलगडा होतो.

बियाण्यांच्या कंपन्यांपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात त्यांची परंपरा जुनी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. त्यांना पुढे १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. जालना बियाण्यांचं गाव झालं आणि छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पाचोरा इथेही कंपन्या उभ्या राहिल्या. विदर्भ-मराठवाड्यात यातल्या बहुतेकांचं मोठं पीक कापूस, त्यामुळे नवख्या पदवीधराच्या वाट्याला बहुधा कापसाचाच तालुका येतो.

कापूस बियाण्याची विक्री कशी चालते ते पाहा. ज्या वाणाला मागणी आहे, त्यासाठी दुकानदार आधीच पैसे भरून बुकिंग करतो. ज्याला नाही, ते वाण कंपनी उधारीवर दुकानात ‘लावते’. याला प्लेसमेंट म्हणतात. गुलाबी बोंडअळीचं चक्र मोडावं म्हणून कृषी विभागाने अलीकडच्या काही हंगामांत १ जूनआधी शेतकऱ्याला बियाणं विकू दिलं नाही. म्हणजे प्रत्यक्ष विक्रीला जेमतेम महिना मिळतो. दुकानातून शेतकऱ्याच्या हातात गेलेला माल म्हणजे लिक्विडेशन. जुलै-ऑगस्टमध्ये न खपलेली पाकिटं कंपनीकडे परत जातात. राहिलेली उधारी मग दिवाळीपर्यंत वसूल होत राहते.

आता एप्रिलच्या सुरुवातीला रुजू झालेल्या मुलाचं गणित मांडा. सहा महिन्यांचं प्रोबेशन सप्टेंबरअखेर संपतं. त्याने जूनमध्ये दुकानं भरली म्हणून टाळ्या मिळाल्या, पण ऑगस्टमध्ये निम्मा माल परत आला आणि सप्टेंबरमध्ये उधारी अडकली. कंपनीला त्याच्याबद्दलचा निर्णय नेमका याच वेळी घ्यायचा असतो. म्हणून मुलाखतीत विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हा, की माझं टार्गेट कशावर मोजणार: प्लेसमेंटवर, परतीचा माल वजा करून निव्वळ विक्रीवर, की वसुलीवर? उत्तर स्पष्ट मिळालं तर कंपनी निदान सरळ आहे. ‘तुम्ही फक्त माल लावा, पुढचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर ते पुढचं तुमच्याच नावावर टाकलं जाणार, असं धरून चालावं.

टार्गेट खरं की हवेतलं, हे घरी बसून तपासता येतं. समजा तालुक्यात कापसाखाली ४०,००० हेक्टर, म्हणजे साधारण एक लाख एकर आहे. शेतकरी एकराला ४७५ ग्रॅमची दोन पाकिटं लावतो असं धरलं, तर तालुक्याची गरज दोन लाख पाकिटांची. तुम्हाला ८,००० पाकिटांचं टार्गेट दिलं, तर तुमच्याकडून बाजाराचा चार टक्के हिस्सा मागितला जातोय. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या कंपनीची गेल्या वर्षीची निव्वळ विक्री २,५०० पाकिटं असेल, तर एका हंगामात तिप्पट उडी मागितली आहे, आणि तीही कुठलंही नवं वाण नसताना. दर सरकारने बांधलेला असल्यामुळे स्वस्त देऊन बाजी मारायलाही फारसा वाव नाही. बीजी-२ च्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. त्या दराने ८,००० पाकिटं म्हणजे ७२ लाखांचा माल, आणि त्याच्या उधारीच्या पावत्यांवर सह्या घ्यायला दुकानांत जाणार तुम्ही.

गेल्या वर्षीचा आकडा कंपनी सांगणार नाही, दुकानदार सांगतो. ‘रावे’च्या सत्रात खेड्यात राहून आलेल्या मुलांना कृषी सेवा केंद्रवाले ओळखीचे असतात. ती ओळख वापरायची वेळ हीच. ज्या गावाचं हेडक्वार्टर मिळणार आहे, तिथल्या दोन-तीन दुकानांत जाऊन शांतपणे विचारा: या कंपनीचा माल तुम्ही पैसे भरून घेता की उधारीवर? गेल्या साली किती परत गेला? परतीच्या मालाची क्रेडिट नोट वेळेवर मिळाली का? आणि गेल्या तीन वर्षांत त्यांची किती माणसं बदलली? शेवटच्या प्रश्नावर दुकानदार हसला, तर उत्तर मिळालं. क्रेडिट नोट अडली असेल तर त्या दुकानात पहिला हंगामभर तुम्हाला आधीच्या माणसाचीच भांडणं निस्तरावी लागणार, हेही समजून घ्या.

आता पगार. ‘३.६ लाखांचं पॅकेज’ असं पत्रात लिहिलेलं असतं. ते उकलून पाहू. मूळ पगार महिना १२,५०० धरला, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १२ टक्क्यांनी वर्षाला १८,००० होतो, आणि तो पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे म्हणून सुमारे ७,२०० धरतात, जे साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच हाती येतात. विम्याचे ५,००० समजा. टार्गेट गाठल्यावर मिळणारा भाग ६०,०००. हे सगळं वजा केलं की उरतात २,६९,८००, म्हणजे महिना साधारण २२,५००. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा हिस्सा १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यावर २०,८०० पडतात. महिना तीस हजार समजून खोली भाड्याने घेतलेल्याचे हाल मग विचारू नयेत.

त्याहून जास्त घोळ मोटारसायकलचा. फिरस्तीच्या नोकरीत महिन्याला सतराशे किलोमीटर सहज होतात. पन्नासचं मायलेज आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर साडेतीन हजार पेट्रोललाच जातात. कंपनी किलोमीटरला साडेतीन रुपये देते म्हटल्यावर भत्ता सहा हजारांच्या घरात जायला हवा. पण पत्रात बारीक अक्षरात ‘महिना कमाल १,२०० किलोमीटर’ असतं, आणि हातात ४,२०० येतात. उरलेल्या सातशेत ऑइल, टायर, चेन आणि गाडीची झीज. ही मर्यादा किती, आणि बिल महिन्याला निघतं की तीन महिने लोंबकळतं, हे दोन प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे. तुमच्या आधीच्या माणसाला गाठून विचारलंत तर तो सगळ्यात आधी थकलेल्या टीएचं बोलेल.

आणखी एक ओळ पत्रात शोधा: नियोक्ता कोण? मोठ्या कंपनीच्या जाहिरातीवर मुलाखत होते आणि नेमणूकपत्र भलत्याच मनुष्यबळ पुरवठादाराचं येतं. याला ‘ऑफ-रोल’ किंवा ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. मोठ्या कंपनीचं प्रशिक्षण मिळणार असेल तर असं एक वर्ष काढायला हरकत नाही, असं माझं मत आहे. मात्र गेल्या दोन वर्षांत अशा किती जणांना कंपनीने ‘ऑन-रोल’ घेतलं, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, कोरा चेक मागणं, प्रशिक्षणाची फी किंवा डिपॉझिट मागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढे बोलायचं कारण नाही. ‘थकबाकी वसूल न झाल्यास कर्मचाऱ्याच्या वेतनातून वळती करण्यात येईल’ हे वाक्य तर मी स्वतः कुणालाही सही करू देणार नाही.

विक्रीच्या धबडग्यात पदवीधरांच्या नजरेतून निसटणारी एक जागा बियाणे कंपन्यांतच असते: बीजोत्पादन विभाग. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. कंपनी शेतकऱ्याला नर आणि मादी वाणाचं बियाणं देते. टोमॅटोत संध्याकाळी मादी झाडाच्या उमलायच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग लावायचे, असं आठवडेच्या आठवडे चालतं. प्रॉडक्शन ऑफिसरने प्लॉटवर फिरून वेगळी दिसणारी झाडं उपटायला लावायची, विलगीकरण अंतर पाळलंय का पाहायचं. कांद्याच्या प्रमाणित बियाण्याला हे अंतर ५०० मीटर लागतं, आणि शेजारच्या शेतकऱ्याने मध्येच कांदा फुलावर सोडला तर रागाचे धनी तुम्हीच. चार वर्षांत शिकलेलं अनुवंशशास्त्र जर कुठे वापरायला मिळत असेल तर ते इथे. पगार विक्रीपेक्षा थोडा कमी असेल, इन्सेन्टिव्हही नसेल, पण दोन वर्षांनी अशा माणसाला कोणतीही बियाणे कंपनी बोलावून घेते.

कंपनीची तब्येतही इथे विक्रीपेक्षा लवकर कळते. शेतकऱ्याने दिलेलं बियाणं उगवणक्षमता आणि आनुवंशिक शुद्धतेच्या चाचण्यांतून जातं. त्यासाठी नमुना शेतात लावून झाडं तपासतात, आणि त्याला काही महिने लागतात. निकाल लागेपर्यंत शेतकऱ्याचे बरेचसे पैसे अडकलेले असतात. चाचणीला वेळ लागणं समजण्यासारखं आहे. पण लॉट पास होऊनही पैसे निघत नसतील, तर कंपनीच्या खिशात रोकड नाही. शेडनेटवाल्या शेतकऱ्याला विचारा, ‘लॉट पास झाल्यावर पैसे किती दिवसांनी मिळाले?’ जी कंपनी बियाणं पिकवणाऱ्याला सहा महिने थांबवते, ती तुमचा पगार पाच तारखेला करेल असं मानायला आधार काय?

प्रक्रिया उद्योगात हंगामाचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथे विचारायचं एवढंच, की वर्षातले किती महिने यंत्रं चालतात आणि कशावर? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचं पॅकहाउस जानेवारी ते एप्रिल दिवसरात्र चालतं. द्राक्षं आली की वजन, साखर, मण्याचा आकार, कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचा अहवाल, अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीवरची बागेची नोंदणी, सगळं कागदावर जुळल्याशिवाय कंटेनर हलत नाही. गुणवत्ता विभागातल्या नवख्याला चार महिन्यांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं इतरत्र दोन वर्षांत मिळत नाही. पण मे महिन्यात काय? एकाच पिकावर चालणारं पॅकहाउस असेल तर मे महिन्यात घरी. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या ठिकाणी द्राक्षांबरोबर टोमॅटो आणि इतर फळांची प्रक्रियाही होते, जळगावच्या जैन समूहाकडे केळी, आंबा, कांदा असतो. पिकं अनेक, म्हणून कामही वर्षभर. लहान उद्योगाची पारख करताना याच कसोटीवर घासून पाहावी. अन्न तंत्रज्ञानाची पदवी असलेली मुलं याच जागांसाठी तुमच्याशी स्पर्धेत असतात, हेही लक्षात असू द्या. प्रयोगशाळेत ती पुढे, पण बागेपासून पॅकहाउसपर्यंतचा माल सांभाळायला कृषीवाला लागतो. अर्ज त्या बाजूने करावा.

साखर कारखान्यांनी या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. तिथे ‘कायम’ आणि ‘हंगामी कायम’ असे दोन वर्ग असतात. हंगामी कायम माणसाला गाळप बंद असताना पगाराचा ठरावीक हिस्सा रिटेन्शन म्हणून मिळतो आणि पुढच्या गाळपाला तो परत कामावर येतो. शेतकी खात्यात ऊसनोंदी, तोडणी कार्यक्रम सांभाळणाऱ्याला हे विचारायला संकोच वाटू नये: मी कोणत्या वर्गात, आणि रिटेन्शन किती? कारखान्याने शेतकऱ्यांची एफआरपी वेळेवर दिली का, हे साखर आयुक्तालयाच्या आकडेवारीवरून वर्तमानपत्रांत छापून येतं. शेडनेटवाल्याला विचारलेला प्रश्नच हा, फक्त इथे उत्तर जाहीर असतं.

राहिल्या ॲग्रीटेक कंपन्या. पुण्याची ॲग्रोस्टार, पाटण्याची देहात, बंगळूरची निंजाकार्ट अशी नावं सगळ्यांना माहीत आहेत. या कंपन्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. कुणी बियाणं-खत विकतं, कुणी शेतमाल खरेदी करून शहरात पोचवतं, कुणी बागेत सेन्सर बसवून सल्ला देतं. जाहिरातीतलं ‘तंत्रज्ञान’ बाजूला ठेवून एकच विचारा: माझा पगार कशातून निघतो, मालाच्या नफ्यातून की गुंतवणूकदाराच्या पैशातून? दुसऱ्या प्रकारच्या जागा ओळखायची खूण म्हणजे टार्गेट. ‘महिन्याला चारशे शेतकऱ्यांच्या ॲपवर नोंदी करा’ असं काम असेल, तर तुम्ही गुंतवणूकदाराला दाखवायचा आकडा तयार करताय. पुढची गुंतवणूक लांबली की पहिली कुऱ्हाड याच जागांवर पडते. ‘तुमच्या भागातल्या डाळिंबाची इतके टन खरेदी, अमुक प्रतवारीने’ असं काम असेल तर निदान व्यवहार खरा आहे.

नव्या कंपनीची चौकशी करायला दुकानदार उपयोगी पडत नाही, सरकारी नोंदी पडतात. नेमणूकपत्रावर किंवा लेटरहेडवर कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असतो. पहिलं अक्षर L असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, U असेल तर नाही. मग पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२३ असेल तर विचारायला जागा आहे. mca.gov.in वर कंपनीचं नाव टाकलं की भरणा झालेलं भांडवल, कंपनी चालू आहे की नाही आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हे दिसतं. दोन वर्षं ताळेबंदच भरला नसेल, तर मुलाखतीतली चकचकीत खोली विसरा.

त्याहून उपयोगी जागा भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आहे. epfindia.gov.in वरून Establishment Search उघडून कंपनीचं नाव टाकलं, की दर महिन्याला निधी कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, ही यादी मिळते. मे महिन्यात ३१० माणसं, ऑक्टोबरमध्ये १२०, पुन्हा पुढच्या मे महिन्यात ३००, असा उतारचढाव दिसला तर कंपनी हंगामापुरती माणसं घेते, हे कुणाला विचारायची गरज उरत नाही. निधी दोन-तीन महिने उशिरा भरला जात असेल तर पगाराचंही तसंच असण्याचा संभव आहे. आणि ‘आमच्याकडे सहाशे जण काम करतात’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे नव्वदच दिसले, तर उरलेले कुणाच्या पेरोलवर आहेत ते मुलाखतीतच विचारावं.

शेवटची गोष्ट लहान खत आणि जैव-उत्तेजक कंपन्यांबद्दल, कारण नाशिक, सांगली, पुणे पट्ट्यात त्यांच्याकडे जागा भरपूर निघतात आणि नव्या पदवीधराला एकदम ‘क्वालिटी मॅनेजर’ हे पद मिळतं. २०२१ मध्ये केंद्राने जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्याआधी ‘पीक टॉनिक’ म्हणून काहीही बाटलीत भरून विकता येई. आता प्रत्येक उत्पादनाला नोंदणी लागते, म्हणून पहिल्या भेटीतच नोंदणीची प्रत मागावी. दुसरं, याच आदेशाप्रमाणे उत्पादकाला नियमपालनासाठी एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचं नाव कळवावं लागतं. नमुना अप्रमाणित निघाला तर खटला जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली चालतो आणि त्या कागदावरच्या माणसालाही त्यात ओढलं जातं. मालाच्या दर्जावर तुमचा काही अधिकार नसताना, माल थांबवायची मुभा नसताना, कुणी ‘फॉर्मॅलिटी आहे’ म्हणत तो फॉर्म पुढे सरकवला, तर पगार तीस असो की पन्नास हजार, पेन खिशातच राहू द्यावं.